गोत्र, कुळ आणि आडनाव: मराठवाड्यातल्या सोयरिकीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्थळाच्या बायोडाटावर आडनाव, गोत्र, देवक, कुलस्वामिनी असे चार रकाने असतात. बहुतेक घरांत त्यातले दोन तरी अंदाजाने भरलेले असतात. लातूर, धाराशिव, नांदेड, परभणी, बीड या भागांत सोयरीक जमवताना जे प्रश्न हमखास येतात त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. भर मराठा-कुणबी आणि देशस्थ घरांवर आहे, कारण गोंधळ तिथेच जास्त होतो. इतर समाजांचा उल्लेख जिथे रीत वेगळी आहे तिथे येईल.

गोत्र, कुळ आणि आडनाव यांत नेमका फरक काय?

गोत्र म्हणजे ज्या ऋषीच्या परंपरेत घराणे मोजले जाते तो ऋषी. मूळ यादी आठ नावांची आहे: विश्वामित्र, जमदग्नी, भरद्वाज, गौतम, अत्री, वसिष्ठ, कश्यप हे सप्तर्षी आणि आठवे अगस्त्य. बाकीची गोत्रे या आठांच्या गणांत बसवलेली आहेत. गोत्राचे काम पूजेच्या संकल्पात, श्राद्धात आणि लग्नात असते. संकल्प नीट ऐकला तर लक्षात येईल की भटजी गोत्र घेतात, तुमचे नाव घेतात, पण आडनाव कुठेच घेत नाहीत. संकल्पाची रचना झाली तेव्हा आडनाव नावाची गोष्टच नव्हती.

कुळ म्हणजे एका मूळपुरुषापासून निघालेली, एकमेकांना भाऊबंद मानणारी घरे. बोलीत आपण त्यालाच भावकी म्हणतो, फक्त भावकी गावापुरती धरतात आणि कुळ पाच-पन्नास गावांत पसरलेले असते. कुळाला देवक असते, कुलदैवत असते, कुलाचार असतो.

आडनाव म्हणजे कागदावर लागणारी ओळख. ती कधी कुळाच्या नावावरून आली, कधी गावावरून, कधी वतनावरून, कधी एखाद्या पूर्वजाच्या टोपणनावावरून. आडनाव बदलता येते आणि अनेकांनी बदललेही आहे. कुळ तसे बदलत नाही.

मराठवाड्यात एवढे देशमुख, पाटील, कुलकर्णी कसे? हे सगळे एका कुळाचे का?

नाहीत. ही वतनाची नावे आहेत. पाटील गावाचा प्रमुख, कुलकर्णी त्याच गावचे दप्तर लिहिणारा. देशमुख परगण्याचा प्रमुख आणि देशपांडे परगण्याचा लेखक. वतन वंशपरंपरेने चालायचे, म्हणून हुद्द्याचेच पुढे आडनाव झाले. दर गावाला एक पाटील म्हटल्यावर शेजारच्या दोन गावांतले पाटील एका रक्ताचे असतीलच असे नाही. ते एका जातीचे असतील असेही नाही. मराठा पाटील आहेत, लिंगायत पाटील आहेत, देशमुखांत मुसलमान घराणीही आहेत.

म्हणून देशस्थांत कुलकर्ण्यांची मुलगी कुलकर्ण्यांकडे देणे ही रोजची गोष्ट आहे. गोत्र जुळत नसले की प्रश्न मिटतो. मराठा घरांत मात्र ‘पाटील’ एवढ्यावर न थांबता ‘पाटील खरे, पण मूळचे कोण?’ असे विचारायची पद्धत आहे. त्यावर ‘आम्ही कदम’, ‘आम्ही जाधव’, ‘आम्ही सूर्यवंशी’ असे जे उत्तर येते ते कुळाचे नाव. अलीकडे ‘सूर्यवंशी पाटील’ असे जोडनाव लिहितात. दिसायला लांबलचक वाटते, पण माहिती म्हणून फार सोयीचे आहे.

आडनाव वेगळे असूनही कुळ एक असू शकते का?

असू शकते, आणि गाडी अडकते ती इथेच. फलटणचे नाईक निंबाळकर हे मूळचे पवार मानले जातात. निंबळक गावावरून निंबाळकर झाले. जतचे डफळे मूळचे चव्हाण, डफळापूरवरून डफळे झाले. घोरपडे हे भोसल्यांच्याच कुळातले मानले जातात. म्हणजे एखादे निंबाळकर घर त्या शाखेतले असेल तर पवारांशी त्याची सोयरीक परंपरेने होत नाही, जरी दोन्ही आडनावे ऐकायला अगदी निराळी असली तरी.

याच्या उलटही घडते. जाधव, पवार, चव्हाण, शिंदे, गायकवाड, कांबळे, काळे ही आडनावे अनेक जातींत आहेत. तांड्यावरचे पवार आणि गावातले मराठा पवार यांचा कुळाचा संबंध नाही. आडनावावरून ना जात ठरते ना कुळ, हे एकदा मनात पक्के केले की निम्मे गैरसमज संपतात.

शहाण्णव कुळांची यादी मिळाली. त्यात आमचे आडनाव नाही. मग आम्ही कोण?

शहाण्णव कुळी या शब्दाला एकच एक सर्वमान्य यादी नाही. छापून आलेल्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. एका यादीत जे स्वतंत्र कुळ असते ते दुसरीत कुणाचे तरी उपकुळ असते. त्यातच याद्या कुळांच्या आहेत आणि तुम्ही शोधताय आडनाव. वतनाचे, गावाचे किंवा टोपणनावाचे आडनाव त्यात सापडणारच नाही. आधी मूळ कुळ शोधा, मग यादी उघडा. यादीत बघून आपल्याला आवडेल ते कुळ निवडणे हा मात्र निव्वळ खोटेपणा आहे, आणि तो पुढच्या पिढीच्या सोयरिकीत अडचण करतो.

आमच्या मराठा घरात गोत्र ‘काश्यप’ सांगतात. समोरच्यांचेही काश्यपच निघाले. लग्न होईल का?

बहुतेक वेळा होईल. का, ते समजून घ्या.

ज्याला आपले गोत्र माहीत नाही त्याने काश्यप सांगावे असा धर्मशास्त्रात संकेत आहे. सगळी प्रजा कश्यपाची, ही त्यामागची कल्पना. भटजींनी ‘गोत्र काय?’ विचारले, यजमानाने मान हलवली, की भटजी ‘काश्यप’ म्हणून पुढे जातात. त्या दिवशी एक पूजा पार पडते. पण घरातले लोक ते लक्षात ठेवतात, पुढे कुणाच्या तरी पत्रिकेवर छापतात आणि दोन पिढ्यांत ते ‘आमचे गोत्र’ होऊन बसते.

दुसरी वाट पुरोहिताच्या गोत्राची. याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिणारे विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले. ती कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्या उमरग्यापासून जवळच. क्षत्रिय आणि वैश्यांना स्वतःचे ऋषिगोत्र नसल्यामुळे त्यांनी पुरोहिताचे गोत्र-प्रवर धरावे, असे ते सांगतात. म्हणजे एकाच पुरोहिताकडची दहा वेगळ्या कुळांची घरे एकच गोत्र सांगू शकतात, आणि पुरोहित बदलला तर सख्ख्या भावकीतली दोन घरे दोन गोत्रे सांगू शकतात.

म्हणून मराठा-कुणबी घरांत गोत्र जुळले याचा अर्थ रक्त एक असा होत नाही, आणि गोत्र वेगळे निघाले याचा अर्थ भावकी नाही असाही होत नाही. तिथे तपासायचे ते कुळ आणि देवक. गोत्राच्या रकान्यावरून मोडलेली कितीतरी स्थळे विनाकारण मोडलेली असतात, आणि त्याच रकान्याच्या भरवशावर भावकीत जुळता जुळता राहिलेलीही काही असतात.

देशस्थ घरात मग गोत्र कसे तपासायचे? नुसते नाव वेगळे असले की झाले?

नाही. गोत्राबरोबर प्रवर बघावे लागते. प्रवर म्हणजे त्या गोत्राच्या परंपरेत उच्चारायची ऋषींची नावे. बहुतेक गोत्रांना तीन, काहींना पाच, क्वचित एक. नियम असा की दोन्हींकडच्या प्रवरांत एकही ऋषी समान आला तर ती घरे सप्रवर धरतात आणि परंपरेने लग्न करत नाहीत. भृगू आणि अंगिरस यांच्या गणांना मात्र सवलत आहे. तिथे तीनांपैकी दोन किंवा पाचांपैकी तीन नावे जुळली तरच सप्रवर.

दोन उदाहरणे करून बघू. भारद्वाज गोत्राचे प्रवर आंगिरस, बार्हस्पत्य, भारद्वाज. गौतमाचे एक प्रवर आंगिरस, आयास्य, गौतम. समान नाव एकच, आंगिरस, आणि गण अंगिरसाचा. दोन नावे जुळत नाहीत, म्हणून लग्नाला आडकाठी नाही.

आता कौंडिण्य आणि पाराशर घ्या. कौंडिण्याचे प्रवर वासिष्ठ, मैत्रावरुण, कौंडिण्य. पाराशराचे वासिष्ठ, शाक्त्य, पाराशर्य. इथेही समान नाव एकच आहे, पण ते वसिष्ठाचे, आणि वसिष्ठ गणाला ती सवलत नाही. नावे अगदी निराळी दिसत असूनही परंपरा हे लग्न अडवते. नुसत्या गोत्राच्या नावावर विसंबणारे इथे फसतात.

आपल्याकडे आणखी एक बारकावा आहे. शुक्ल यजुर्वेदी माध्यंदिन शाखेत आईच्या माहेरचे गोत्रही वर्ज्य मानतात. म्हणून माध्यंदिनांत मामाची मुलगी करत नाहीत. ऋग्वेदी देशस्थांत, विशेषतः कर्नाटकाच्या बाजूला, ती चालते. म्हणून बायोडाटात गोत्राशेजारी शाखा लिहिलेली असावी. ‘देशस्थ ऋग्वेदी’ किंवा ‘देशस्थ यजुर्वेदी माध्यंदिन’ एवढे दोन-तीन शब्द पुढचा घोळ वाचवतात.

देवक म्हणजे काय आणि ते गोत्रापेक्षा महत्त्वाचे का?

देवक हे कुळाचे पूज्य चिन्ह. बहुतेक वेळा ते झाड, वेल, पान, फूल, पीस किंवा शस्त्र असते. कदमांचे कळंब, मोऱ्यांचे मोराचे पीस, साळुंक्यांचे साळुंकीचे पीस अशी कुळाच्या नावाशी बांधलेली देवके सांगितली जातात. ज्या झाडाचे देवक, ते झाड त्या कुळाने तोडायचे नाही किंवा जाळायचे नाही, अशी जुनी रीत.

लग्नाच्या आधी दोन्ही घरी देवक बसवतात. पुष्कळ गावांत ते आधी मारुतीच्या देवळात नेतात, तिथून वाजतगाजत घरी आणतात आणि मांडवाच्या मेढीला बांधतात किंवा देवघरात मांडतात. हे काम घरातले जोडपे करते आणि एकदा देवक बसले की लग्न उरकेपर्यंत त्या घराला सुतक-सोयर लागत नाही असे मानतात. देवक एक असेल तर दोन्ही घरे एका कुळाची धरली जातात आणि सोयरीक होत नाही. गोत्र भटजींच्या तोंडी राहिले. देवक मात्र दर लग्नात घरच्यांनी स्वतः हाताळले, म्हणून ते जास्त टिकले.

आमचे देवक ‘पंचपल्लव’ आहे आणि त्यांचेही तेच. थांबायचे का?

लगेच थांबू नका. पंचपल्लव म्हणजे पाच झाडांच्या डहाळ्या. कोणती पाच, हे गावोगाव बदलते. काही कुळांचे ते खरोखरीचे देवक आहे. पण मूळ देवक विसरलेली घरेही पाच पाने आणून वेळ निभावतात. गोत्रात काश्यपाचे जे झाले तेच देवकात पंचपल्लवाचे झाले आहे.

त्यामुळे दोन्हींकडे पंचपल्लव आले की कुळाच्या नावावर जा. कुळ वेगळे आणि कुलाचार वेगळे असतील तर बहुतेक बैठकींत पुढे जातात. देवक खास असेल, म्हणजे कळंब किंवा मोराचे पीस असे काही, आणि ते दोन्हींकडे तेच निघाले, तर आडनावे वेगळी असली तरी कुळ एक असण्याची शक्यता दाट.

कुलस्वामिनी एक असेल तर?

काही बिघडत नाही. तुळजाभवानी ही महाराष्ट्रातल्या असंख्य कुळांची, अनेक जातींची कुलस्वामिनी आहे. माहूरच्या रेणुकेचे तसेच. अंबाजोगाईची योगेश्वरी तर कोकणातल्या चित्पावनांपैकी पुष्कळांची कुलस्वामिनी, आणि अंबाजोगाईत कोकण कुठे? खंडोबाचेही तेच. कुणी जेजुरीला जातात, कुणी माळेगावला, कुणी नळदुर्ग-अणदूरला, कुणी पालीला. देवी एक आहे म्हणून मुलगा-मुलगी भाऊबहीण ठरवायचे तर तुळजापूर तालुक्यात लग्नेच होणार नाहीत.

कुलदैवताचा उपयोग उलट्या बाजूने होतो. दोन घरे एका कुळाची असल्याचे सांगतात, पण एकाचे कुलदैवत, देवक, नवरात्रातली माळेची रीत, सगळेच निराळे असेल, तर ‘एक कुळ’ हा दावा पुन्हा तपासावा.

एक स्थळ धरून हे सगळे तपासून दाखवाल का?

मुलगा औसा तालुक्यातला, आडनाव देशमुख, गोत्र काश्यप, देवक पंचपल्लव, कुलस्वामिनी तुळजाभवानी. (उदाहरण काल्पनिक आहे.) त्याच्याकडे दोन स्थळे आली. पहिल्या मुलीचे आडनाव पाटील, गोत्र काश्यप, कुलस्वामिनी तुळजाभवानी, देवकाचा रकाना रिकामा. दुसरीचे आडनाव निंबाळकर, गोत्र वसिष्ठ, कुलस्वामिनी माहूरची.

कागदावर बघितले तर पहिले स्थळ सगोत्र म्हणून बाद आणि दुसरे उत्तम. घरातल्या थोरल्या चुलत्यांना ‘देशमुखी कधीची आणि मूळ कोण?’ विचारले तेव्हा कळले की घर मूळचे पवारांचे. पाटलांच्या घरी विचारले, तर ते मूळचे साळुंके. त्यांच्या आजीला देवक ठाऊक होते, साळुंकीचे पीस. आता पहिले स्थळ बघा. कुळ वेगळे, देवक वेगळे. काश्यप हे दोन्हींकडे कामचलाऊ. कुलस्वामिनी एक आहे, तिचा प्रश्न नाही. पहिले स्थळ परंपरेने चालते.

निंबाळकरांना विचारायचे ते एवढेच की तुम्ही फलटणकडच्या पवार-निंबाळकरांपैकी का? ‘हो’ म्हणाले तर कुळ एक झाले, मग गोत्र वसिष्ठ असो की आणखी काही. ‘नाही, आमच्या गावावरून नाव पडले, आम्ही मूळचे अमुक’ असे म्हणाले तर पुढे बोलता येते.

यानंतरही एक तपासणी उरते, नात्याची. पहिल्या मुलीची आजी आणि मुलाची आई एका घरातल्या निघाल्या तर कुळे निराळी असूनही जवळचे नाते असू शकते. ते गोत्राने कळत नाही आणि देवकानेही नाही. त्यासाठी पिढ्या मोजाव्या लागतात.

कायदा काय म्हणतो? सगोत्र लग्न बेकायदा आहे का?

नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये लग्नाच्या अटींत गोत्र आणि प्रवर नाहीत. त्याआधी १९४६ मध्ये सगोत्र-सप्रवर लग्नाची अडचण दूर करणारा कायदा झाला होता, पण तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५५ च्या कायद्यानंतर फरक उरला नाही. आधी झालेली लग्नेही केवळ गोत्र एक म्हणून रद्द धरता येत नाहीत, असे त्याच्या कलम २९ मध्ये आहे.

कायदा अडवतो ते सपिंड नाते. मोजायची रीत अशी: स्वतःला एक धरायचे आणि वर जायचे. बापाच्या बाजूने पाच पिढ्यांपर्यंत आणि आईच्या बाजूने तीन पिढ्यांपर्यंत दोघांचा पूर्वज एकच निघाला तर ते सपिंड.

मामाच्या मुलीचे मोजून बघा. मुलगा एक, त्याची आई दोन, आईचे वडील तीन. मुलीकडून मुलगी एक, तिचे वडील म्हणजे मामा दोन, मामाचे वडील तीन. दोघेही मर्यादेत, म्हणजे सपिंड. तरीही आपल्याकडे मामाची मुलगी सर्रास करतात, आणि ते वैध ठरते ते फक्त रूढीमुळे. कायद्याने दोन्ही बाजूंच्या रूढीला ती सूट दिली आहे, पण ती रूढी जुनी, सतत चालत आलेली आणि एकसारखी पाळलेली असावी लागते. वाद कोर्टात गेला तर ती सिद्ध करायची जबाबदारी रूढी सांगणाऱ्यावर येते. पुष्कळ मराठा घरांत मामाची मुलगी चालते पण आत्याची चालत नाही. रूढी अशी एकतर्फीही असते, म्हणून ‘नात्यात चालते’ एवढे म्हणून भागत नाही. रूढी नसताना सपिंडांत केलेले लग्न रद्दबातल ठरते आणि कलम १८ खाली एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

लग्नानंतर मुलीचे गोत्र बदलते का? तिने माहेरचे आडनाव ठेवले तर?

धर्मशास्त्राच्या रीतीने लग्नानंतर ती नवऱ्याच्या गोत्रात आणि कुळात जाते. सासरचे देवक, सासरचा कुलाचार. आडनाव हा वेगळा विषय आहे. नवऱ्याचे आडनाव लावलेच पाहिजे असा कायदा नाही, आणि माहेरचे ठेवले म्हणून पूजेतल्या संकल्पात काही फरक पडत नाही. राज्य सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहायची पद्धत आणली. त्यानेही गोत्र-कुळाला धक्का लागत नाही. नावाचा क्रम बदलला, एवढेच.

राजपत्रात जाहिरात देऊन आडनाव बदललेल्यांनाही हेच लागू. पुढे सोयरीक करताना जुने आडनाव सांगावे, म्हणजे समोरच्याला भावकी ओळखता येते.

दत्तक गेलेल्या मुलाचे काय?

तो दत्तक घराच्या गोत्रात आणि कुळात जातो. पण लग्नापुरते जन्माच्या घराचे नाते सुटत नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्यात कलम १२ मध्ये स्पष्ट आहे की जन्मघरात राहिला असता तर ज्या व्यक्तीशी लग्न करता आले नसते, तिच्याशी दत्तक गेल्यावरही करता येत नाही. व्यवहारात दोन्ही घरांची कुळे टाळतात. आजोबा दत्तक आलेले असतील आणि ते कुणाला आठवत नसेल, तर दोन ‘वेगळी’ घरे प्रत्यक्षात चुलत निघू शकतात. दत्तकाची नोंद फेरफारात सापडते, ती बघावी.

घरजावई झाल्याने मात्र गोत्र किंवा कुळ बदलत नाही. सासऱ्याची जमीन कसली आणि गावाने सासऱ्याच्या आडनावाने ओळखले, तरी मुले बापाच्याच कुळातली. अशा घरांत दोन पिढ्यांनी आडनाव फसवते.

आमचे मूळ कुळ कुणालाच माहीत नाही. शोधायचे कसे?

घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापासून सुरू करा, पण ‘आपले कुळ कोणते?’ असा प्रश्न टाकू नका. उत्तर मिळत नाही. विचारा की आपल्या घरी कुणी वारले तर गावात आणि गावाबाहेर कोणकोणत्या घरांना दहा दिवसांचे सुतक येते. ती नावे लिहून काढा, ती घरे म्हणजे तुमची भावकी. त्यांतल्या एखाद्या घराने जुने आडनाव किंवा देवक जपलेले असते. मग विचारा की आजोबांच्या लग्नात देवक म्हणून काय आणले होते आणि कोणते झाड घरात तोडत नाहीत. बायकांना विचारा. देवक मांडायला त्या हजर असतात आणि पुरुष बहुधा बाहेर मांडवात पाहुण्यांत असतात.

त्यानंतर तीर्थक्षेत्र. तुळजापूरला आपले ठरलेले पुजारी असतात, त्यांच्या चोपड्यांत यजमानांची नावे गावासकट असतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये नामावळी ठेवतात. पूर्वी तिथे गेलेल्या माणसाचे नाव, बापाचे, आजाचे आणि भावांचे नाव त्यात मिळते. जाताना गाव, जुना तालुका आणि दोन-तीन पूर्वजांची नावे घेऊन जा. नुसत्या आडनावावर काही सापडत नाही. कर्नाटकाच्या सीमेवरच्या गावांत वंशावळी सांगत फिरणारे हेळवी येतात, त्यांच्याकडेही घराण्याची नावे असतात.

शेवटी सरकारी दप्तर. मराठवाड्यात १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक आणि त्यानंतरचे फेरफार भूमी अभिलेख किंवा तहसील कार्यालयात मागता येतात. निजामाच्या काळातल्या नोंदी उर्दूत आहेत, काही मोडीत, त्यामुळे वाचणारा माणूस लागतो. त्यांत बहुतेक वेळा ‘तुकाराम वल्द रामजी’ असे नाव असते, म्हणजे रामजीचा मुलगा तुकाराम, आणि आडनाव लिहिलेलेच नसते. आडनाव शोधत बसाल तर आपल्याच पणजोबांची नोंद समोर असून दिसणार नाही. गट नंबर, जुना सर्व्हे नंबर आणि बाप-लेकाच्या नावांची जोडी धरून शोधा.

या कागदांतून वंशावळ मिळते, जात मिळू शकते, गोत्र किंवा देवक मिळत नाही. उलट, जातीच्या दाखल्याला गोत्र हा पुरावा धरत नाहीत.

लिंगायत, बंजारा घरांनाही हेच नियम लागू का?

नाहीत. वीरशैव-लिंगायत घरांत गोत्रे पंचाचार्य परंपरेतून येतात: वीर, नंदी, वृषभ, भृंगी, स्कंद. त्यांचा सप्तर्षींशी संबंध नाही. लातूर-नांदेडकडे ‘गोत्र: नंदी’ असा बायोडाटा दिसला तर चुकले म्हणून दुरुस्त करायला जाऊ नका. बंजारा समाजात राठोड, पवार, चव्हाण, जाधव ही आडनावे हीच कुळे आहेत. राठोडांची मुलगी राठोडांत देत नाहीत, आणि त्याखाली पाडे म्हणजे पोटकुळे असतात. तिथे आडनाव आणि कुळ यांत फरक करायची गरजच पडत नाही.

सातबाऱ्यावर ‘कुळाचे नाव’ लिहिले आहे. ते आमचे कुळ का?

नाही. ते कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, खंड देणारा माणूस. मराठवाड्यात त्याचा कायदा १९५० चा, हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा. त्या रकान्यातल्या नावाचा तुमच्या भावकीशी संबंध असेलच असे नाही. जमिनीवर मात्र त्याचा हक्क असू शकतो, म्हणून ते नाव दिसले तर सोयरिकीचे काम बाजूला ठेवून आधी तलाठ्याकडे जा.